लहान मुलाला विंचू चावला तर: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी कोकणात बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काम केलंय, त्यामुळे रात्री उशिरा दारात थांबलेली रिक्षा आणि आईच्या कडेवर घामाने भिजलेलं पोर हे चित्र माझ्या ओळखीचं आहे. खालचे प्रश्न आयांनी, आज्यांनी, कधी कधी शाळेतल्या बाईंनी मला विचारलेले आहेत. उत्तरं आपल्याकडच्या लाल विंचवाबद्दल आहेत, कारण लहान मुलाच्या जिवावर बेततं ते त्याच्यामुळे.

विंचू चावला म्हणजे नुसतं दुखतंच ना? आम्हाला लहानपणी दोन-तीनदा चावलाय, काही झालं नाही.

तुमचं खरं आहे, बऱ्याच वेळा नुसतं दुखतं. रात्रभर कळा येतात आणि सकाळी माणूस कामाला लागतो. पण तुम्हाला चावलेला विंचू कुठला होता आणि तुमचं तेव्हाचं वजन किती होतं हे बघायला लागतं. काळा मोठा विंचू, ज्याला बरेच जण इंगळी म्हणतात, त्याच्या पकडी जाडजूड असतात, दिसायला भयानक असतो पण त्याचं विष तेवढं जहाल नसतं. लाल विंचू लहान असतो, तांबूस-पिवळसर, पकडी बारीक आणि शेपटी मात्र जाड, बघून कोणी घाबरणार पण नाही असा. महाड, पोलादपूर, माणगाव आणि खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गापर्यंत हा भरपूर आहे, घाटावरपण आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. विंचू समोर कोण आहे ते बघून विष कमी-जास्त करत नाही हो. जेवढं विष 60 किलोच्या माणसात जातं तेवढंच 12 किलोच्या पोरात गेलं तर त्या पोराला ते पाचपट पडलं. म्हणून बापाला चावून काही झालं नव्हतं यावरून मुलाचा अंदाज बांधू नका.

विष नक्की करतं काय शरीरात?

साध्या भाषेत सांगते. आपल्या नसांमधून जे निरोप जातात ते बारीक दरवाजे उघडून आणि बंद होऊन जातात. लाल विंचवाचं विष हे दरवाजे लवकर बंद होऊ देत नाही, मग नसा सारखे निरोप पाठवत राहतात, थांबतच नाहीत. विशेष करून ज्या नसा आपल्या हुकमाशिवाय चालतात, म्हणजे घाम, लाळ, हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्या, त्या सगळ्या एकदम पेटतात.

आधी मळमळ, उलटी, तोंडाला लाळ आणि अंघोळ केल्यासारखा घाम. मुलगा असेल तर लिंग ताठ होतं, आणि हे लक्षण आया लाजून सांगत नाहीत पण ते डॉक्टरला नक्की सांगा, कारण विष अंगात भिनल्याची ती जवळजवळ पक्की खूण आहे. याच्यानंतर, कधी याच्या बरोबरच, दुसरा भाग सुरू होतो. शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय गार पडतात, बीपी वाढतं, नाडी धावायला लागते. हृदयाला त्या आवळलेल्या वाहिन्यांच्या विरुद्ध जोर लावून रक्त ढकलायला लागतं, आणि विषामुळे हृदयाचा स्नायूसुद्धा थकतो. ते थकलं की रक्त मागे फुफ्फुसात साचतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं. पोर दगावतं ते बहुतेक वेळा इथे. चावलेल्या बोटामुळे कोणी जात नाही, हृदय आणि फुफ्फुसामुळे जातं.

मग घरी कसं ओळखायचं की साधं आहे की सिरियस?

हात लावून बघा. खरंच, बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण मुलाच्या तळहाताला आणि तळपायाला हात लावा. पोर मोठमोठ्याने रडतंय, एकच बोट धरून बसलंय, पण हातपाय गरम आणि कोरडे आहेत, उलटी नाही, तर त्या क्षणाला तरी विष अंगभर पसरल्याची खूण नाही. आणि हातपाय गार, ओले, चिकट लागले, कपाळावर घामाचे थेंब, केस भिजलेले, एक-दोन उलट्या झाल्यात, तोंडातून लाळ गळतेय, तर विष भिनलंय असं धरून निघा.

थंडीच्या दिवसात सगळ्यांचेच पाय गार असतात असं कोणी म्हणेल. म्हणून शेजारी बसलेल्या भावंडाच्या पायाला पण हात लावा आणि फरक बघा, आणि घाम आहे का ते बघा. थंडीने गार पडलेला पाय कोरडा असतो.

याच्या पुढची लक्षणं म्हणजे श्वास जोरात चालणं, नाकपुड्या फुलणं, खोकला, छातीत घुरघुर, आडवं केलं की पोर तडफडून उठून बसतं, ओठ काळसर-निळसर होतात, तोंडाला गुलाबी फेस येतो. यातलं काही दिसलं तर फुफ्फुसात पाणी भरायला लागलंय. तिथपर्यंत येऊच द्यायचं नाही म्हणून तर एवढं लिहितेय.

आमचं बाळ दीड वर्षाचं आहे, त्याला काय झालं ते सांगताच येणार नाही. कसं कळणार विंचू चावलाय?

बऱ्याच वेळा विंचू दिसतच नाही आणि लाल विंचवाच्या जागेवर धड सूज पण नसते, कधी बारीक टिपका सापडतो कधी तोही नाही. झोपेत असलेलं बाळ अचानक किंचाळून उठलं, काही केल्या गप्प होत नाही, थोड्या वेळात घाम, उलटी, लाळ सुरू झाली आणि पाय गार, तर विंचू सापडो न सापडो तसंच धरून चला. दवाखान्यात बरेचदा हे पोटदुखी किंवा अपचन म्हणून सांगितलं जातं. तुम्ही फक्त एवढं म्हणा, "अचानक किंचाळून उठला, विंचवाचा संशय आहे," म्हणजे डॉक्टर त्या दृष्टीने बघतील.

आधी खूप रडत होती, आता शांत झाली, दुखत नाही म्हणते. उतरलं का?

हा प्रश्न ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. लाल विंचवाचं विष अंगात भिनलेलं असताना चावलेल्या जागेची कळ कमी वाटू शकते, आणि ज्यांना फक्त जागेवरच आग होते ते उलट जास्त ओरडतात. म्हणजे जास्त ओरडणारं पोर बऱ्याचदा कमी धोक्यात असतं आणि गप्प पडलेलं, घामाने थबथबलेलं पोर जास्त धोक्यात. बरं होताना सुद्धा असं दिसतं की हातपाय गरम होतात आणि मग चावलेली जागा परत ठणकायला लागते, वॉर्डमध्ये पोर पहाटे "बोट दुखतंय" म्हणून रडायला लागलं की आम्हाला बरं वाटायचं.

कोणी मंत्र टाकला आणि त्यानंतर पोर शांत झालं तर श्रेय मंत्राला जातं. मला कोणाच्या श्रद्धेशी भांडायचं नाही, तुम्हाला करायचं ते गाडीत बसून करा, पण मांत्रिकाच्या पायरीवर एक तास घालवू नका. शांत झाली तर पायाला हात लावा. गार आणि ओला असेल तर शांत झालेली नाही.

सगळ्याच मुलांना हॉस्पिटलला न्यायचं का? लक्षणं नसली तरी?

हो. लहान मूल असेल आणि आपल्या भागात लाल विंचू असेल तर लक्षणांची वाट बघायची नाही. विष भिनल्याची लक्षणं काहींना अर्ध्या तासात दिसतात, काहींना काही तासांनी, आणि फुफ्फुसात पाणी भरणं तर अजून उशिरा पण होऊ शकतं. तुम्ही वाडीवर, गाडी नाही, रात्र झालेली आणि तेव्हा लक्षणं सुरू झाली तर काय करणार? दवाखान्याच्या खाटेवर पोर नुसतं झोपून राहिलं, काहीच झालं नाही आणि सकाळी घरी आलात तर काही वाया गेलं नाही. मुलांना साधारण 24 तास नजरेखाली ठेवतात, ते पूर्ण होऊ द्या, मध्येच सही करून घेऊन जाऊ नका.

एवढी घाई का? औषध आहे ना, एक-दोन तासांनी दिलं तर काय फरक पडतो?

इथेच खरी गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे 1980 च्या दशकाच्या आधी गंभीर लाल विंचूदंशात साधारण दर तीन-चार जणांतला एक दगावायचा. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे पेशंट रात्र रात्र बसून बघितले, त्यांचे ठोके, बीपी, फुफ्फुसं लिहून ठेवली, आणि बीपीसाठी वापरली जाणारी प्रॅझोसिन नावाची साधी गोळी त्यांनी वापरायला सुरुवात केली. ही गोळी त्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, म्हणजे हृदयासमोरची भिंतच कमी होते. या उपचाराने मृत्यू अगदी थोड्यावर आले. त्यांना 2022 साली पद्मश्री मिळाली.

आता घाईचं कारण बघा. प्रॅझोसिन वाहिन्या सैल करते, पण आधीच थकून गेलेलं हृदय ती परत ताजं करू शकत नाही आणि फुफ्फुसात आलेलं पाणी एका गोळीने जात नाही. हातपाय गार पडले आणि फुफ्फुसं अजून साफ आहेत, ही जी मधली वेळ असते ना, तीच गोळीची वेळ. ती वेळ पोराला घरी काढायला लावली तर हॉस्पिटलला पोचल्यावर ऑक्सिजन, हृदयाला जोर देणारं ड्रिप, कधी व्हेंटिलेटर असं सगळं लागतं, आणि ते तालुक्याच्या ठिकाणी सगळीकडे नसतं.

विंचवाची लस, म्हणजे अँटीव्हेनम, तिचं पण तसंच आहे. ती रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडते. विष एकदा नसांना चिकटून बसलं की तिचा उपयोग कमी होतो. बावस्करांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 70 पेशंट होते, निम्म्यांना नुसती प्रॅझोसिन आणि निम्म्यांना प्रॅझोसिन अधिक लस. 10 तासांत पूर्ण बरे झालेले लस घेणाऱ्यांत 35 पैकी 32 आणि नुसत्या गोळीवाल्यांत 8. बाकीचेही बरे झाले पण जास्त वेळ लागला. म्हणून लस असेल तर उत्तम, नसेल तर गोळी सुरू करायची, लसीसाठी गोळी थांबवायची नाही.

एक उदाहरण देऊन सांगाल का, वेळेचा हिशोब कसा असतो?

समजा भातकापणीचे दिवस आहेत, पाच वर्षांची मुलगी, वजन 15 किलो. रात्री 8 वाजता पडवीत पेंढ्याच्या भाऱ्यावर खेळताना पायाच्या अंगठ्याला चावला. सव्वाआठला ती रडतेय, हातपाय गरम. साडेआठला पहिली उलटी, पावणेनऊला दुसरी आणि केस ओले, पाय गार.

आईबाबा सव्वाआठलाच निघाले असतील तर दुसरी उलटी गाडीत होते आणि नऊच्या सुमाराला पोर खाटेवर असतं. डॉक्टर वजन करतात, नाडी, बीपी, बोटाला ऑक्सिजनचं मशीन, छातीला स्टेथोस्कोप. फुफ्फुसं साफ आहेत. प्रॅझोसिन किलोमागे 30 मायक्रोग्रॅम या हिशोबाने 450 मायक्रोग्रॅम तोंडाने देतात, उलटीत पडली तर परत देतात. गोळीने बीपी एकदम उतरू शकतं म्हणून पोराला उताणं झोपवून ठेवतात, लघवीला पण उठवायचं नाही. 12 वाजता हातपाय बघतात, अजून गार असतील तर दुसरा डोस, 3 वाजता परत बघतात. हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत हे चालतं. अशी वेळेत आलेली बहुतेक मुलं सकाळी चहा-बिस्किट मागतात.

तेच घरच्यांनी आधी हळद-चुना लावला, मग शेजारच्या वाडीतून मंत्र टाकणारा माणूस बोलावला, साडेनऊला पोर शांत झालं म्हणून झोपवलं. 12 वाजता खोकल्याने उठलं, श्वास लागलाय, ओठ निळे. आता गाडी शोधायची, एक वाजता दवाखाना, तिथून ऑक्सिजन लावून जिल्ह्याच्या ठिकाणी रवाना. आठ वाजता विष दोघींनाही तेवढंच मिळालं होतं.

निघायच्या आधी आणि वाटेत काय करायचं?

फार काही नाही, आणि तेच महत्त्वाचं आहे. जागा पाण्याने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून धरलं तर कळ कमी होते. दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, पेट्रोल-रॉकेल-मिरची काही चोळू नका. अंगठी, पैंजण, काळा दोरा काढून घ्या.

108 ला फोन करा, पण अँब्युलन्स यायला वेळ आहे असं कळलं आणि दारात शेजाऱ्याची गाडी असेल तर गाडीनेच निघा. बाईकच असेल तर दुसरा मोठा माणूस बरोबर हवा, चालवणाऱ्याच्या मागे पोराला दोघांच्या मध्ये नीट धरून. वाटेत कोणीतरी दवाखान्यात फोन लावून विचारा की डॉक्टर आहेत का आणि प्रॅझोसिन आहे का. वाटेवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही असेल तर तिथे थांबा, पहिला डोस घ्या आणि मग गरज वाटली तर पुढे जा. मोठ्या हॉस्पिटलच्या नादात उघडं असलेलं जवळचं केंद्र सोडून जाऊ नका.

पोर उलटी करत असेल तर कुशीवर धरा. श्वास लागला असेल तर आडवं करू नका, मांडीवर बसतं ठेवा. पूर्ण शुद्धीत असेल आणि तहान लागली असेल तर घोट घोट पाणी द्या, जेवण नको. किती वाजता चावला आणि पहिली उलटी किती वाजता झाली हे हातावर पेनाने लिहून ठेवा, घाबरलेल्या माणसाच्या लक्षात राहत नाही.

आजोबांच्या बीपीच्या गोळ्यांमध्ये प्रॅझोसिन आहे, घरीच दिली तर?

नको. आजोबांची गोळी बहुतेक वेळा हळूहळू विरघळणारी, मोठ्या ताकदीची असते, ती मोडून दिली की औषध किती सुटेल याचा भरवसा नाही. बीपी न बघता दिली, पोर कडेवर उभं धरून नेलं आणि बीपी खाली गेलं तर बेशुद्ध पडेल. आणि विष भिनलंच नसेल, नुसतं दुखत असेल, तर या गोळीची गरजच नाही, ती आधीच देऊन ठेवायचं औषध नाही. दुखण्यासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामोल चालतं. झोपेचं किंवा गुंगी येणारं खोकल्याचं औषध अजिबात नाही, कारण मग गप्प का आहे ते कोणालाच कळणार नाही.

हॉस्पिटलमध्ये सापाची लस आहे म्हणाले, ती देता येते का?

नाही, सापाची लस सापाच्या विषावर, विंचवाची वेगळी. तसंच दोन-तीन सलाईन जोरात लावा म्हणून नातेवाईक मागे लागतात, ते करू नका. घाम-उलटीने पाणी कमी झालेलं असतं हे खरं, पण थकलेल्या हृदयावर भराभर सलाईन सोडलं तर ते पाणी फुफ्फुसात जातं. किती द्यायचं ते डॉक्टर छाती ऐकून ठरवतात.

विंचू मारून बरोबर न्यायचा का?

समोर असेल तर मोबाईलवर फोटो काढा, बास. शोधायला कौलं आणि लाकडं उपसत बसू नका, दुसऱ्याला पण चावेल. उपचार पोराच्या हातापायाकडे बघून ठरतात.

परत असं होऊ नये म्हणून घरात काय बघायचं?

विंचू रात्री फिरतो आणि दिवसा फटीत बसतो, म्हणून चिऱ्यांच्या भिंतीतल्या फटी, लाकडाची मोळी, पेंढा, रचून ठेवलेली कौलं ही त्याची घरं. मुलांची झोपायची जागा यांच्यापासून लांब ठेवा, अंथरूण झटकून घाला आणि कडा जमिनीला लोंबू देऊ नका, दप्तर-बूट-गणवेश सकाळी झटकून मगच द्या. खुंटीवरचा शर्ट तर नक्की, बाहीतून चावलेले किती बघितलेत. अंधारात विंचवावर अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च मारला की तो हिरवट-निळा चमकतो, असा टॉर्च मिळाला तर झोपायच्या आधी अंथरुणाच्या आजूबाजूला एकदा फिरवा. आणि उन्हाळ्याच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या सुमाराला आणि भातकापणीच्या वेळेला जास्त सांभाळा, त्या दिवसांत जवळच्या आरोग्य केंद्रात रात्री कोण असतं आणि त्यांचा नंबर काय, हे आधीच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.